पुस्तक प्रदर्शनात पहिल्यांदाच स्वतःचा स्टॉल: एक टेबल, एक पुस्तक आणि मी

निळी_दौत

नमस्कार मंडळी. बरीच वर्षं इथे वाचनमात्र आहे, धागा पहिल्यांदाच काढतेय, तेव्हा सांभाळून घ्या.

माझा पहिला कथासंग्रह चार महिन्यांपूर्वी आला. डेमी आकार, १७६ पानं, पेपरबॅक. प्रकाशक छोटे आहेत, ते स्वतः प्रदर्शनात स्टॉल घेत नाहीत. पुढच्या महिन्यात तीन दिवसांचं पुस्तक प्रदर्शन आहे, शुक्रवार ते रविवार, सकाळी ११ ते रात्री ८. आयोजकांनी नव्या लेखकांना एकेक टेबल द्यायची सोय केलीय. उत्साहाच्या भरात पैसे भरून बसले आणि आता धाबं दणाणलंय.

टेबल सहा फूट बाय अडीच फूट. मागे दोन खुर्च्या आणि पांढरं पार्टिशन. बाकी सगळं आपलं आपण.

माझा बेत असा: २०० प्रती न्यायच्या आणि टेबलभर मांडायच्या, म्हणजे रिकामं दिसणार नाही. माझा फोटो आणि पुस्तकाची माहिती असलेला मोठा बॅनर. सरसकट ३० टक्के सवलत, कारण सगळेच देतात म्हणे. आणि ५०० माहितीपत्रकं वाटायची. आता मुख्य अडचण. मी बुजरी आहे. अनोळखी माणूस समोर आला की माझी दातखीळ बसते. लोकांशी काय बोलायचं?

---

पै_न_पै

अभिनंदन! सवलतीचं अगदी बरोबर ठरवलंय. प्रदर्शनात लोक सवलतीसाठीच येतात. मी तर म्हणतो ३५ द्या. छपाईचा खर्च प्रकाशकाने केलाय, तुमच्या खिशातून काही गेलेलं नाही, त्यामुळे येईल तो नफाच. फक्त शेवटची रक्कम सुट्ट्यांची कटकट होणार नाही अशी ठेवा. रांगेत चार माणसं असताना चिल्लर शोधत बसलात की मागचे दोघे निघून जातात.

---

गठ्ठेवाला

निळी_दौत, दुसऱ्यांची पुस्तकं टेबलांवर मांडण्यात माझी पंधराएक वर्षं गेली आहेत. मांडणीचं नंतर बोलू. आधी एका प्रश्नाचं उत्तर द्या: या २०० प्रती तुम्हाला कुठून आणि कोणत्या दराने मिळणार आहेत?

---

निळी_दौत

प्रकाशकांकडून. लेखकासाठी छापील किमतीवर ४० टक्के सूट आहे.

---

गठ्ठेवाला

मग पै_न_पै यांचं 'येईल तो नफाच' तिथेच संपलं. रकमा नकोत, छापील किंमत १०० धरा. प्रत तुम्हाला ६० ला पडते. पूर्ण किमतीला विकली तर हातात ४० राहतात. १० टक्के सवलत दिली तर ३०. आणि ३० टक्के दिली तर फक्त १०. सवलत छापील किमतीवर मोजतात, पण ती सगळी जाते तुमच्या त्या ४० मधून.

टेबलाचं भाडं किती प्रतींच्या किमतीइतकं आहे?

---

निळी_दौत

साधारण १२ प्रतींच्या. म्हणजे तुमच्या हिशेबाने १२००.

---

गठ्ठेवाला

म्हणजे पूर्ण किमतीला विकून ३० प्रतींत भाडं निघतं. १० टक्क्यांनी ४० प्रती. ३० टक्क्यांनी १२०. नव्या लेखकाच्या, एकाच पुस्तकाच्या टेबलावर तीन दिवसांत १२० प्रती गेलेल्या मी पाहिलेल्या नाहीत.

आता किती न्यायच्या ते. तुमचे एकूण तास २७. त्यातले गर्दीचे फार तर १२: शनिवारची दुपार-संध्याकाळ आणि रविवार. अनोळखी नावाला गर्दीच्या तासाला दोन प्रती हा माझा अंदाज, उरलेल्या तासांना दोन तासांत एक. म्हणजे ३०-३२ च्या आसपास. ६० न्या, पुष्कळ झालं. १७६ पानांची डेमी प्रत दोनशे ग्रॅमच्या थोडी वरच भरते. ६० प्रती म्हणजे १२-१३ किलो, दोन पिशव्यांत मावतात. २०० म्हणजे चाळीसहून जास्त किलो, ते रविवारी रात्री थकलेल्या अंगाने परत उचलायचे.

त्याहून महत्त्वाचं, प्रकाशकांशी आत्ताच बोला. या ६० प्रती विकत घेऊ नका, 'विकल्या तेवढ्यांचे पैसे, उरलेल्या परत' असं लेखी ठरवा. छोटे प्रकाशक बहुतेक हो म्हणतात, फक्त परत येणारी प्रत कोरी हवी असते. कोपरे मुडपलेली, सही केलेली, स्टिकर ओरबाडून काढलेली प्रत ते घेणार नाहीत. ती तुमची.

---

छंदीफंदी

ताई, छान उपक्रम. माझा कवितासंग्रह तयार आहे, ८० पानांचा. आपण नवोदितांसाठी स्टॉल काढताय तर माझ्या २० प्रती ठेवाल का? कमिशन काय घेता?

---

निळी_दौत

छंदीफंदी, अहो, मी नवोदितांसाठी स्टॉल काढत नाहीये, मीच नवोदित आहे! 😀

पण प्रश्न पडला. एकाच पुस्तकापेक्षा टेबलावर दोन पुस्तकं असली तर बरं दिसेल का?

---

गठ्ठेवाला

दोन-तीन पुस्तकं असली की माणूस थोडा जास्त थांबतो, हे खरं. पण तो दुसऱ्याबद्दल विचारणार आणि तुम्ही ते वाचलेलं नसणार. शिवाय आयोजकांचा अर्ज वाचा. लेखकांची टेबलं बहुधा ज्याच्या नावाने नोंद आहे त्याच्याच पुस्तकांसाठी असतात.

---

मात्रा_वेलांटी

मी अक्षरमांडणीचं काम करते, म्हणून फक्त बॅनरवर बोलते. त्यावर माहिती नको. लोक चालता चालता बॅनर बघतात, वाचत नाहीत. आमच्याकडचा ढोबळ हिशेब असा, की दहा फुटांवरून सहज वाचायचं तर अक्षर निदान एक इंच उंच हवं. आणि देवनागरीत लोक इथेच फसतात. फाँटचा आकडा बघून एक इंच झालं असं समजतात, पण त्या उंचीत वरची वेलांटी, मात्रा, रफार आणि खालचा उकार हे सगळं बसवलेलं असतं. मधलं अक्षर, म्हणजे शिरोरेघेपासून पायापर्यंतचं, त्याच्या जेमतेम निम्मं उरतं. ते मोजा. छापायच्या आधी नाव साध्या कागदावर खऱ्या आकारात काढा, भिंतीला चिकटवा आणि दहा पावलं मागे जाऊन बघा.

दुसरं, बॅनर टेबलामागे उभा राहणार. त्याचा खालचा भाग टेबल झाकणार आणि मधला भाग तुम्ही. वरचा एक-तृतीयांश भाग तेवढा तुमचा. पुस्तकाचं नाव, खाली एक ओळ, संपलं. फोटो काढून टाका.

---

फक्त_वाचक

फोटोबद्दल असहमत. फोटो बघून मला कळतं की टेबलामागे बसलेली बाई स्वतः लेखिका आहे, पगारी विक्रेती नाही. मी त्यामुळे थांबतो.

(आणि त्यामुळेच पळतोही. लेखक समोर बसलाय म्हटल्यावर पुस्तक चाळून खाली ठेवणं किती जड जातं, हे तुम्हा लेखकांना कळत नाही.)

---

मात्रा_वेलांटी

त्यासाठी 'लेखिका' लिहिलेला बिल्ला लावता येतो. फोटो जागा खातो. असो, बॅनर त्यांचा आहे.

---

गठ्ठेवाला

फक्त_वाचक यांनी कंसात जे लिहिलंय त्यावरच मांडणी ठरते. माणसाला तुमच्याकडे न बघता पुस्तक हातात घेता आलं पाहिजे.

टेबलाची उंची साधारण ७५ सेंटिमीटर. त्यावर आडवं ठेवलेलं पुस्तक सहा-सात फुटांवरून तिरकं आणि चपटं दिसतं, मुखपृष्ठ नीट कळत नाही. म्हणून टेबलभर प्रती पसरून काही होत नाही. जमिनीपर्यंत येईल असं एकरंगी कापड घ्या. मुखपृष्ठ फिकट असेल तर गडद, गडद असेल तर फिकट. चकचकीत नको, दिव्याची तिरीप पडते. त्या कापडाखाली टेबलाच्या एका बाजूला खोका ठेवून पायरी करा आणि तिच्यावर एक प्रत स्टँडला टेकवून उभी करा, तोंड गर्दी येते त्या दिशेला. पायरीच्या पुढे आठ-दहा प्रतींचा एकच गठ्ठा. काटकोनात रचलेल्या गठ्ठ्याला कुणी हात लावत नाही, मोडेल असं वाटतं. वरच्या दोन प्रती किंचित तिरक्या असू द्या.

आणि टेबलाच्या अगदी बाहेरच्या कडेला, तुमच्यापासून सगळ्यात लांब, एक चाळायची प्रत. त्यावर 'चाळण्यासाठी' अशी पट्टी लावा. ही प्रत तीन दिवसांत मळणार आहे, ती आपलीच धरून चला. बाकी माल टेबलाखाली. गठ्ठा पाचाच्या खाली गेला की भर घाला.

माहितीपत्रकं ५०० छापू नका. संध्याकाळी ती पुढच्या स्टॉलच्या कचऱ्यात सापडतात. त्याऐवजी वाचनखुणा करा. पुस्तकात राहतात.

---

पै_न_पै

किमतीचा हिशेब मान्य, लेखकाला प्रती विकत घ्याव्या लागतात हे माहीत नव्हतं. पण एक सांगा. त्याच प्रदर्शनात एखाद्या पुस्तकविक्रेत्याच्या स्टॉलवर हेच पुस्तक २० टक्के सवलतीत असेल तर? लोक मूर्ख नाहीत.

---

निळी_दौत

बाप रे. हे सुचलंच नव्हतं. प्रकाशकांना विचारलं. एका विक्रेत्याकडे पुस्तक आहे, आणि त्याचा स्टॉलही आहे. तो २० टक्के देतो.

---

गठ्ठेवाला

त्याच्याशी किमतीत झुंजू नका. त्याला प्रत बहुधा तुमच्यापेक्षा स्वस्त पडत असेल. त्याच्याकडे तुमचं पुस्तक कपाटात कणा बाहेर करून हजारांत एक असं उभं असणार. तुमच्याकडे सही आहे आणि तुम्ही आहात. मी असतो तर पूर्ण किंमत आणि एक वाचनखूण.

---

पै_न_पै

निदान १० टक्के तरी द्या हो. शून्य सवलत म्हणजे लोकांना अपमान वाटतो.

---

निळी_दौत

१० टक्के ठरवलं. मन धजावत नाहीये पूर्ण किमतीला.

आता बोलण्याचं सांगा. मी एक वाक्य पाठ केलंय: 'मानवी नात्यांचे हळुवार पदर उलगडणाऱ्या बारा कथा.'

---

फक्त_वाचक

हे वाक्य दर तिसऱ्या पुस्तकाच्या मागे असतं. गोष्टी कशाबद्दल आहेत?

---

निळी_दौत

सगळ्या रात्रपाळी करणाऱ्या माणसांच्या आहेत. परिचारिका, टोलनाक्यावरचा माणूस, छापखान्यातला कामगार…

---

फक्त_वाचक

मग हेच सांगा की! पदर कशाला उलगडताय?

---

गठ्ठेवाला

अगदी. बॅनरवरची एक ओळही हीच. पुस्तक आवडलेला माणूस आधी मुखपृष्ठ बघतो, मग उलटून मागचा मजकूर, मग मधलं एखादं पान. त्याने उलटलेलं असताना काही बोलू नका, तो वाचतोय. आतलं पान उघडलं की एक वाक्य. त्याआधी 'या ना, बघा ना' नको. आणि सही करण्याआधी नाव कागदावर लिहून घ्या. पैसे मिळाल्यावरच पेन उघडा.

---

निळी_दौत (शुक्रवार, रात्री)

पहिला दिवस झाला. चार प्रती. लिहिताना रडू येतंय, म्हणून मोजकंच लिहिते.

एक. माझी नणंद आणि ऑफिसातल्या सहा मैत्रिणी आल्या, टेबलासमोर दीड तास गप्पा मारत उभ्या राहिल्या. मला बरं वाटत होतं. नंतर लक्षात आलं, त्या दीड तासात एकही अनोळखी माणूस टेबलापर्यंत पोचला नाही.

दोन. सवलतीच्या किमतीचे गोल स्टिकर करून मागच्या बाजूला छापील किमतीवर चिकटवले होते. लोक पुस्तक उलटतात, मजकूर वाचतात आणि मग अंगठ्याच्या नखाने स्टिकरची कड खरवडतात! खाली काय दडवलंय ते बघायला. एका गृहस्थांनी अर्धं सोलून काढलं, खालची किंमत जास्त दिसल्यावर ओशाळले आणि पुस्तक ठेवून निघून गेले. म्हणजे सवलत दिली, तरी मी किंमत वाढवल्याचा संशय.

तीन. मी खुर्चीत बसून होते. समोरचा आला की मी उठायचे. मी उठले की तो दचकून पुढे जायचा.

---

गठ्ठेवाला

स्टिकरचं माझ्याकडून सांगायचं राहिलं. छापील किंमत कधी झाकायची नाही. आज रात्रीच सगळे काढा. केस वाळवायच्या यंत्राने गरम हवा दिली की डिंक सुटतो, नुसते ओढले तर लॅमिनेशन उचलतं आणि ती प्रत प्रकाशक परत घेणार नाही. किंमत एका कार्डावर ठळक लिहून गठ्ठ्याशेजारी उभी करा. क्यूआर कोडही त्याच कार्डावर, मोठा. आणि सकाळी गर्दीच्या आधी स्वतःच एकदा पैसे पाठवून बघा. मांडवात माणसं वाढली की नेटवर्क बसतं, थोडे सुट्टे पैसे जवळ ठेवा.

खुर्ची टेबलाच्या मागून काढा, आखूड बाजूला ठेवा. तुम्ही तिथे उभ्या राहा, त्यांच्या बाजूला अर्धवट वळून. मग समोर बाई बसलीय असं वाटत नाही, दोघंही एकाच टेबलाकडे बघत असतात. दमलात की बसा, पण त्याच जागी. उठबस नको.

नातेवाइकांना सांगा, उद्या सकाळीच या.

---

निळी_दौत (शनिवार, रात्री)

नऊ! आणि नऊच्या नऊ अनोळखी!

स्टिकर रात्री एक वाजेपर्यंत बसून काढले. आणि एक धाडस केलं. सवलत बंद. कार्डावर लिहिलं: 'छापील किंमत. लेखिकेची सही आणि वाचनखूण सोबत.' दोघांनी सवलत विचारली. मी 'नाही हो' म्हटलं, त्यातल्या एकाने तरीही घेतलं. दुसऱ्या बाई विक्रेत्याच्या स्टॉलवर जाऊन बघून आल्या आणि म्हणाल्या, "तिथे स्वस्त आहे, पण सही तुमची हवी." तिकडून प्रत घेऊन आल्या आणि माझी सही घेतली! केली मी. काय करणार?

---

पै_न_पै

म्हणजे काल चौघांना कमी भावात आणि आज बाकीच्यांना पूर्ण? हे मला पटलं नाही. आणि त्या बाईंनी माझाच मुद्दा सिद्ध केला.

---

गठ्ठेवाला

त्या बाईंना सही द्यायलाच हवी होती, तुमचं पुस्तक खपलंच ना. मानधन किती टक्के, हा वेगळा विषय. मधेच किंमत बदलू नये, हे मात्र पै_न_पै यांचं खरं. पहिल्या दिवसाआधी ठरवून टाकायचं असतं.

बोलणं जमलं का?

---

निळी_दौत

तेच सांगायचंय. सकाळी पाठ केल्यासारखं 'या गोष्टी रात्रपाळीतल्या माणसांच्या आहेत' म्हणत होते, लोक 'अच्छा' म्हणून मान हलवत होते. दुपारी एक म्हातारे गृहस्थ चाळायची प्रत बराच वेळ वाचत होते. माझ्या तोंडून सहज गेलं, "तुमच्या घरी कुणी केलीय का रात्रपाळी?" त्यांनी पुस्तक बंद केलं, बोट तसंच पानात. म्हणाले, "मीच. एकतीस वर्षं." मग मला काही बोलावंच लागलं नाही, तेच पंधरा मिनिटं बोलत होते. एक प्रत स्वतःला घेतली, एक भावाला.

त्यानंतर सगळ्यांना तोच प्रश्न विचारला. कुणाचे वडील, कुणाची बायको, एक मुलगा स्वतः रात्री काम करून थेट तिथे आला होता. 'नाही' म्हणणारे 'नाही' म्हणून पुढे जातात, त्याचंही वाईट वाटत नाही. बुजरेपणा गेलेला नाही, पण प्रश्न विचारला की बोलायचं काम त्यांच्याकडे जातं.

फजितीही झाली. एका मुलीने नाव सांगितलं 'श्रुती'. पैसे मिळाले होते, घाईत कागदावर लिहून न घेता मी थेट पानावर 'शृती' लिहिलं! मराठी लेखिका!! तिने काही म्हटलं नाही, पण चेहरा बघून मीच दुसरी प्रत दिली.

---

मात्रा_वेलांटी

अरेरे. ती 'शृती'ची प्रत आता चाळायची करा, पहिली मळली असेल.

---

फक्त_वाचक

एक सुचवतो. चाळायच्या प्रतीत सगळ्यात चांगल्या गोष्टीच्या सुरुवातीला रिबन घाला. मी पुस्तक कुठेही उघडतो आणि नेमकं कंटाळवाणं पान निघतं.

---

निळी_दौत (रविवार, रात्री उशिरा)

केलं दोन्ही. टोलनाक्याच्या गोष्टीला रिबन घातली. आज १३ गेल्या. एकूण २६.

हिशेब मांडते, छापील किंमत १०० धरून. पहिल्या दिवशीच्या चारांवर प्रत्येकी ३०, म्हणजे १२०. नंतरच्या २२ वर प्रत्येकी ४०, म्हणजे ८८०. एकूण १०००. त्यातून मळलेली प्रत आणि 'शृती' अशा दोन माझ्या खिशातून, १२० वजा. उरले ८८०. भाडं १२००. म्हणजे ३२० ने खाली. तीन-सव्वातीन प्रतींच्या किमतीइतका तोटा, वर बॅनर आणि वाचनखुणा. उरलेल्या ३२ प्रती उद्या प्रकाशकांकडे परत जातील. लेखी ठरवलं होतं ते किती बरं झालं. २०० विकत घेतल्या असत्या तर आज पलंगाखाली पावणेदोनशे असत्या.

---

पै_न_पै

१० टक्के तिन्ही दिवस दिले असते तर ४० गेल्या असत्या.

---

गठ्ठेवाला

कदाचित. आणि ४० गेल्या असत्या तरी भाडंच निघालं असतं. खात्रीने तुम्हालाही सांगता येणार नाही, मलाही. माझाही अंदाज चुकलाच. मी रविवार संध्याकाळ धरून चाललो होतो. तुमच्याकडे कधी गेल्या?

---

निळी_दौत

दुपारी १२ ते ४ मध्ये नऊ. संध्याकाळी गर्दी तुडुंब होती, पण सगळ्यांच्या दोन्ही हातांत पिशव्या. पुस्तक उचलायला हातच मोकळा नव्हता कुणाचा.

---

गठ्ठेवाला

हे बघितलं पाहिजे. आमच्या मोठ्या स्टॉलवर संध्याकाळीच गल्ला भरतो. पण तिथे माणूस मुद्दाम ठरवून येतो.

एक प्रश्न विचारतो, राग मानू नका. २६ मधले ओळखीचे किती?

---

निळी_दौत

मोजले. सात. पहिल्या दिवशीच्या चारही ओळखीच्याच होत्या, नणंद आणि तीन मैत्रिणी. रविवारी शाळेतल्या बाई आणि दोन शेजारी. म्हणजे एकोणीस प्रती अनोळखींनी नेल्या. त्यातल्या अकरा जणांच्या घरी कुणी ना कुणी रात्रपाळी केलेली. हे मी वहीत लिहून ठेवलंय, कोणी काय सांगितलं ते. दोन गोष्टींचा ऐवज आहे त्यात.

---

फक्त_वाचक

ते एकतीस वर्षांवाले पुन्हा आले का?

---

निळी_दौत

आले, रविवारी सकाळी. एक गोष्ट वाचून झाली होती. म्हणाले, छापखान्यातला तपशील चुकलाय, रात्रीच्या पाळीत शाई तशी वागत नाही. दुसरी आवृत्ती निघालीच तर त्यांना आधी वाचायला देईन म्हटलंय. नंबर देऊन गेले.

---

छंदीफंदी

ताई, माझ्या २० प्रतींचं उत्तर राहिलं. पुढच्या वेळी तरी?